वर्षभराची एएमसी ऑक्टोबरमध्येच मिळाली, तर उत्पन्न कोणत्या महिन्याचे?

चवथ आटोपली आणि पाऊस ओसरू लागला की कळंगुट, कांदोळी, बागा या किनारी पट्ट्यातील हॉटेले हंगामाच्या तयारीला लागतात, आणि एअर कंडिशनरची देखभाल करणाऱ्या आस्थापनांकडे वार्षिक करारांचे, म्हणजेच एएमसीचे, धनादेश येऊ लागतात. वर्षभराच्या वसुलीतला मोठा भाग सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन महिन्यांत जमा होतो. काम मात्र पुढच्या ऑक्टोबरपर्यंत चालू राहते, कारण मार्चनंतरच्या उकाड्यात तक्रारी वाढतात आणि खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटचे कॉइल गंजले की रात्री दहा वाजताही माणूस पाठवावा लागतो.

मी म्हापशात राहून अशा लहान आस्थापनांचे हिशेब पाहतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका भागीदारी संस्थेने हे सर्व धनादेश ज्या दिवशी आले त्या दिवशी थेट विक्री खात्यात जमा केले होते, आणि खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी मीही ते तसेच चालू दिले. ऑक्टोबरचा नफा डोळे दिपवणारा दिसला, भागीदारांनी त्या नफ्याच्या भरवशावर दिवाळीत मोठी उचल केली, आणि मे महिन्यात कॉम्प्रेसर दुरुस्तीचे पैसे देण्यासाठी ओव्हरड्राफ्ट काढावा लागला. संस्थेला तोटा झालेला नव्हता, पण पुढच्या महिन्यांची सेवा ज्या पैशांतून द्यायची होती ते पैसे नफा समजून आधीच वाटले गेले होते. त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती येथे एकाच कराराच्या आधारे पायरी-पायरीने मांडतो.

ती रक्कम आधी देणे असते

ग्राहकाने वर्षभराचे पैसे आगाऊ दिले म्हणजे त्याने आपल्याला वर्षभराच्या सेवेचे ऋणको केले. म्हणून ती रक्कम प्रथम ताळेबंदाच्या देयता बाजूला 'आगाऊ मिळालेले उत्पन्न' या खात्यात बसते, आणि जसजसे दिवस सरतात व सेवा पुरी होत जाते तसतशी ती तेथून उत्पन्नात वळते. व्यवहारात याला सर्रास डिफर्ड रेव्हेन्यू म्हणतात. इंड एएस ही लेखामानके लागू असलेल्या मोठ्या कंपन्या 115 क्रमांकाच्या मानकानुसार यालाच करारातील दायित्व समजतात. आपल्या भागीदारी संस्थेला एएस 9 हे उत्पन्नाच्या नोंदीचे मानक लागू पडते आणि पुढील सर्व विवेचन त्याच्याच आधारे आहे.

करारातून आधी काय काढायचे

नोंद करण्यापूर्वी करार हाती घेऊन तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात: सेवेचा पहिला दिवस, सेवेचा शेवटचा दिवस, आणि जीएसटी वगळून ठरलेली रक्कम. बिलाची तारीख आणि सेवेची पहिली तारीख एकच असते असे गृहीत धरू नये. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुका या एका गृहीतकातून होतात. बिल 14 तारखेचे असते, सेवा 16 पासून सुरू होते, आणि नूतनीकरणाच्या वेळी तर बिल जुना करार संपण्याच्या महिनाभर आधीच निघालेले असते.

चौथी गोष्ट अधिक विचाराची आहे, ती म्हणजे आपण नेमके कशाचे वचन दिले आहे. एएमसी दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात वर्षातून ठरलेल्या चार सर्व्हिसिंग द्यायच्या आणि त्याखेरीज काहीही नाही. तक्रार आली तर तिचे वेगळे बिल. दुसऱ्या प्रकारात चार सर्व्हिसिंग तर असतातच, शिवाय वर्षभरात जितक्या तक्रारी येतील तितक्या वेळा माणूस पाठवण्याची जबाबदारी आपल्यावर असते. पहिल्या प्रकारात कामे मोजता येतात. म्हणून तेथे महिन्यांवर विभागणी न करता कामांवर विभागणी करणे योग्य ठरते: रक्कम 73,000 असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंग झाल्यावर 18,250 उत्पन्नात घ्यावेत, मग ती सर्व्हिसिंग कोणत्या का महिन्यात होईना. दुसऱ्या प्रकारात किती वेळा जावे लागेल हे कोणालाच सांगता येत नाही. एएस 9 मध्ये अशाच परिस्थितीविषयी म्हटले आहे की ठराविक कालावधीत अनिश्चित संख्येची कामे करायची असतील तेव्हा उत्पन्न त्या कालावधीवर सम प्रमाणात विभागावे, मात्र दुसरी एखादी पद्धत कामाचे स्वरूप अधिक नेमके दाखवते असा पुरावा असेल तर ती वापरावी.

येथे भागीदार नेहमी एक प्रश्न विचारतात: एप्रिल-मेमध्ये तक्रारी दुप्पट येतात, तर त्या महिन्यांत उत्पन्नही दुप्पट का धरू नये? प्रश्न रास्त वाटतो. पण ग्राहकाने जे विकत घेतले आहे ती तक्रारींची संख्या नसून, केव्हाही हाक मारली तरी माणूस येईल ही तयारी आहे, आणि ती तयारी जानेवारीतही तितकीच उपलब्ध असते जितकी मेमध्ये. तक्रारी वाढल्या म्हणजे आपला खर्च वाढतो. त्या महिन्यांचा नफा कमी दिसतो आणि तो तसाच दिसायला हवा. उत्पन्न खर्चाच्या मागे ओढून नेले की मे महिना आपल्याला किती महागात पडतो हे पुस्तकांतून कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वर्षीचा दर ठरवताना तीच माहिती सर्वाधिक उपयोगाची असते.

पहिली नोंद: पैसे आले तेव्हा

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. कांदोळीच्या एका हॉटेलशी दुसऱ्या प्रकारचा करार झाला. कालावधी 16 ऑक्टोबर 2024 ते 15 ऑक्टोबर 2025, म्हणजे बरोबर 365 दिवस. रक्कम 73,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 13,140 रुपये, एकूण 86,140 रुपये. दोन्ही पक्ष गोव्यातील असल्यामुळे कराचे दोन समान भाग पडतात: सीजीएसटी 6,570 आणि एसजीएसटी 6,570. हॉटेलने 73,000 वर 2 टक्के टीडीएस, म्हणजे 1,460 रुपये, कापून उरलेले 84,680 रुपये 14 ऑक्टोबर रोजी बँकेत भरले आणि त्याच दिवशी कर बीजक दिले गेले.

```
14-10-2024
बँक खाते                    नावे   84,680
टीडीएस येणे खाते             नावे    1,460
   आगाऊ मिळालेले उत्पन्न खाते   जमा   73,000
   सीजीएसटी देय खाते           जमा    6,570
   एसजीएसटी देय खाते           जमा    6,570
```

येथे दोन गोष्टींची जाणीव ठेवावी. पहिली म्हणजे जीएसटीची रक्कम आगाऊ उत्पन्नाच्या खात्यात कधीही जाऊ देऊ नये. तो पैसा आपला नव्हेच, शिवाय तो महिन्या-महिन्याने भरायचाही नसतो. सेवेच्या बाबतीत बीजक किंवा पैसे यांपैकी जे आधी येईल तेव्हाच कर देय होतो. मालाच्या आगाऊ रकमेवरचा कर पुढे ढकलण्याची सवलत 2017 मध्ये मिळाली, सेवेला ती मिळालेली नाही. म्हणून दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या या संस्थेला संपूर्ण 13,140 रुपये ऑक्टोबरच्या विवरणपत्रात दाखवून 20 नोव्हेंबरपर्यंत भरावे लागतात, जरी तोवर उत्पन्न अगदी थोडेच पुस्तकात आले असले तरी. रोकड नियोजन करताना हे आधीच बाजूला काढून ठेवावे.

दुसरी गोष्ट टीडीएसची. बीजकात जीएसटी स्वतंत्र दाखवला असेल तर टीडीएस करविरहित रकमेवरच कापला जायला हवा. उदाहरणातील 2024-25 या वर्षी नेहमीच्या देखभालीचे करार 1961 च्या आयकर कायद्यातील 194सी या कलमाखाली येत असल्याने भागीदारी संस्थेसाठी दर 2 टक्के होता. व्यक्तिगत मालकीच्या धंद्यासाठी तो 1 टक्का होता. हॉटेलच्या लेखापालाने 86,140 वर कपात केली तर फोन करून दुरुस्ती करून घ्यावी, कारण वर्षअखेरीस हा फरक जुळवणे फार कटकटीचे होते.

महिनाअखेरची नोंद

73,000 भागिले 365, म्हणजे दिवसाला 200 रुपये. आकडा असा गोंडस यावा म्हणूनच मी ही रक्कम उदाहरणासाठी निवडली. प्रत्यक्षात रुपयांपुढे पैसेही येतात आणि त्यांची व्यवस्था पुढे सांगतो. ऑक्टोबरमध्ये 16 ते 31 असे 16 दिवस सेवा दिली, पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरून. म्हणून 31 ऑक्टोबरची नोंद अशी होते:

```
31-10-2024
आगाऊ मिळालेले उत्पन्न खाते     नावे   3,200
   एएमसी उत्पन्न खाते          जमा   3,200
```

पुढच्या महिन्यांत केवळ दिवस बदलतात. मार्चअखेरपर्यंतचा तक्ता असा दिसतो:

| महिना | दिवस | उत्पन्न | शिल्लक देणे |
|---|---|---|---|
| ऑक्टोबर 2024 | 16 | 3,200 | 69,800 |
| नोव्हेंबर | 30 | 6,000 | 63,800 |
| डिसेंबर | 31 | 6,200 | 57,600 |
| जानेवारी 2025 | 31 | 6,200 | 51,400 |
| फेब्रुवारी | 28 | 5,600 | 45,800 |
| मार्च | 31 | 6,200 | 39,600 |

दिवसांऐवजी महिन्यांनी भागले तर दरमहा 6,083 रुपये येतात आणि ऑक्टोबर अर्धा धरला तर मार्चअखेर साडेपाच महिन्यांचे 33,458 रुपये होतात. दिवसांनी ते 33,400 आहेत. अठ्ठावन्न रुपयांच्या फरकासाठी वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही पद्धती चालतात, मात्र एका करारासाठी दिवस आणि दुसऱ्यासाठी महिने असे करू नये, आणि एकदा निवडलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवावी. हॉटेलांच्या मोठ्या करारांसाठी मी दिवसांनी हिशेब करतो, कारण त्यांतले करार मध्येच तुटतात आणि तेव्हा दिवसांचाच हिशेब मागितला जातो.

घरगुती ग्राहकांचे तीन-तीन हजारांचे चाळीस करार एकाच महिन्यात सुरू झाले असतील तर प्रत्येकाचे दिवस मोजत बसण्याची गरज नाही. ते सर्व त्या महिन्याच्या मध्याला सुरू झाले असे मानून एकच गट करावा: 1,20,000 रुपयांच्या गटातून पहिल्या महिन्यात 5,000, मग अकरा महिने 10,000 आणि तेराव्या महिन्यात उरलेले 5,000. 'पावसाळ्याचा एक महिना मोफत' अशी सवलत दिली असेल तर रक्कम बारा महिन्यांवर नव्हे, तेरा महिन्यांवर पसरवावी. मोफत महिना सेवेपुरता मोफत नसतोच.

करारांची नोंदवही

एकाच कराराचा हिशेब वहीतही ठेवता येतो, पण साठ-सत्तर करार झाले की एक्सेलमध्ये नोंदवही हवीच. पहिल्या सहा स्तंभांत ग्राहक, बीजक क्रमांक, बीजक तारीख, करविरहित रक्कम, सेवेची पहिली तारीख आणि शेवटची तारीख ठेवावी. सातवा स्तंभ, म्हणजे G, मागील आर्थिक वर्षापर्यंत उत्पन्नात घेतलेल्या रकमेसाठी राखून ठेवावा. नवीन करारासाठी तो शून्य असेल. H पासून पुढे एकेक महिना, आणि पहिल्या ओळीत त्या महिन्याची पहिली तारीख, उदाहरणार्थ 01-10-2024. मग H2 मध्ये हे सूत्र लिहून उजवीकडे व खाली ओढावे:

```
=ROUND($D2*MAX(0,MIN($F2,EOMONTH(H$1,0))-$E2+1)/($F2-$E2+1),0)-SUM($G2:G2)
```

हे सूत्र त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत एकूण किती उत्पन्न व्हायला हवे ते काढते आणि त्यातून आधी घेतलेले वजा करते. महिन्याचे उत्पन्न सुटे मोजण्यापेक्षा ही रीत मला अधिक विश्वासाची वाटते, कारण रुपयांच्या पूर्णांकामुळे एखाद्या महिन्यात जो रुपया इकडे-तिकडे होतो तो पुढच्या महिन्यात आपोआप सुधारला जातो आणि शेवटच्या महिन्यात बेरीज करारातील रकमेशी तंतोतंत जुळते. करार सुरू होण्याआधीच्या महिन्यांत ते शून्य देते आणि संपल्यानंतरही शून्यच देते. पुढच्या एप्रिलमध्ये नवीन पान सुरू करताना G मध्ये 33,400 भरले की गाडी पुढे चालू राहते.

महिन्याच्या स्तंभाची बेरीज हीच टॅलीमध्ये त्या महिन्याची एकमेव जर्नल नोंद. साठ करारांच्या साठ नोंदी करू नयेत. तपशील नोंदवहीत आहे, खातेवहीत केवळ बेरीज पुरते. टॅलीत 'आगाऊ मिळालेले उत्पन्न' हे खाते चालू देयतांच्या गटाखाली उघडावे. मी असे पाहिले आहे की घाईत ते अप्रत्यक्ष उत्पन्नाच्या गटाखाली उघडले जाते, आणि मग ही सारी खटपट करूनही संपूर्ण रक्कम नफ्यातच दिसत राहते. नाव बरोबर असते, पण घर चुकलेले असते.

बीजक दिले, पण पैसे आले नाहीत

नूतनीकरणाच्या दिवसांत सर्व जुन्या ग्राहकांना सप्टेंबरमध्येच कर बीजके पाठवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिचा परिणाम असा होतो की सेवा सुरू झालेली नाही, पैसेही आलेले नाहीत, ग्राहक नूतनीकरण करेलच याची खात्री नाही, तरीही येणी आणि देणी दोन्ही फुगलेली दिसतात, आणि वर जीएसटी मात्र स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. यावर साधा उपाय असा की आधी प्रोफॉर्मा बीजक पाठवावे आणि पैसे आल्यावर किंवा सेवा सुरू झाल्यावर कर बीजक द्यावे.

ग्राहक उधारीवर असला आणि सेवा सुरू झाली असली, तर झालेल्या दिवसांचे उत्पन्न धरायलाच हवे, पैसे आलेले नसले तरी. नोंदीची मांडणी तीच राहते, केवळ बँकेच्या जागी ग्राहकाचे खाते नावे पडते. मात्र ताळेबंदाच्या दिवशी अशा ग्राहकाच्या येण्यातून अजून न दिलेल्या सेवेची रक्कम वजा करून दाखवावी. न आलेल्या पैशांपोटी न दिलेल्या सेवेचे देणे दाखवण्यात दोन्ही बाजूंना नुसती हवा भरली जाते.

31 मार्च

वर्षअखेरीस आपल्या करारापैकी 167 दिवसांचे 33,400 रुपये नफातोटा पत्रकात गेले आणि 198 दिवसांचे 39,600 रुपये ताळेबंदात देयता म्हणून उरले. ते सर्व पुढील बारा महिन्यांत फिटणार असल्याने चालू देयतेत बसतात. करार दोन-तीन वर्षांचा असता तर बारा महिन्यांपलीकडचा भाग दीर्घकालीन देयतेत वेगळा दाखवावा लागला असता.

बँकेकडे कर्जासाठी ताळेबंद नेला की शाखाधिकारी चालू देणी पाहून कपाळाला आठ्या घालतो. त्याला सांगावे की हे देणे पैशांनी नव्हे तर सेवेने फिटणारे आहे आणि सोबत नोंदवहीची प्रत जोडावी. गुणोत्तर वाईट दिसते म्हणून देणे लपवून उत्पन्न वाढवणे हा मार्ग नव्हे.

आयकरासाठीही हीच विभागणी मान्य होते. वाणिज्य पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्यांना लागू असलेल्या आयसीडीएस 4 या आयकराच्या मानकामध्ये, ठराविक कालावधीत अनिश्चित संख्येच्या कामांतून दिल्या जाणाऱ्या सेवेचे उत्पन्न सम प्रमाणात धरण्याची मुभा आहे. रोख पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्याला मात्र ती लागू नाही. त्याचे उत्पन्न पैसे आले त्याच वर्षाचे.

टीडीएसमध्ये येथे हमखास घोळ होतो. हॉटेलने पूर्ण 1,460 रुपये 2024-25 मध्येच कापले, त्यामुळे 26एएस या आयकराच्या करकपात विवरणात ते सर्व त्याच वर्षात दिसतात. परंतु त्या वर्षी लागू असलेल्या आयकर नियम 37बीए नुसार, उत्पन्न एकाहून अधिक वर्षांत करपात्र असेल तर टीडीएसचे श्रेयही त्याच प्रमाणात विभागून मिळते. 33,400 वर 2 टक्के म्हणजे 668 रुपये या वर्षी घ्यावेत आणि 792 रुपये विवरणपत्राच्या टीडीएस परिशिष्टात पुढील वर्षासाठी ओढावेत. पूर्ण श्रेय घेऊन उत्पन्न अर्धेच दाखवले तर विसंगतीची सूचना येण्याची शक्यता असते. नोंदवहीत टीडीएससाठी एक स्तंभ वाढवला तर ही विभागणी आपोआप होते.

जीएसटीच्या विवरणपत्रांतील उलाढाल आणि पुस्तकांतील उत्पन्न यांत फरक पडणार हे गृहीतच धरावे. जीएसटीत 73,000 गेले, पुस्तकात 33,400. हा फरक चुकीचा नाही, पण समजावून सांगता यायला हवा. जीएसटीची उलाढाल घ्या, तीत वर्षारंभीचे आगाऊ उत्पन्न मिळवा, वर्षअखेरीचे वजा करा. इतर काही व्यवहार नसतील तर पुस्तकातील उत्पन्न मिळायला हवे. हा एका ओळीचा ताळा दरवर्षी फाइलला लावून ठेवावा.

पावसाळ्यात करार तुटला तर

गोव्यात हे दरवर्षी घडते. हॉटेल जूनमध्ये बंद पडते किंवा दुसऱ्याच्या हाती जाते आणि मालक उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागतो. समजा आपला करार 31 मे 2025 रोजी संपुष्टात आला. 228 दिवसांचे 45,600 रुपये उत्पन्नात आले आहेत आणि 137 दिवसांचे 27,400 रुपये देणे बाकी आहे. करारानुसार उरलेली रक्कम परत द्यायची असेल तर क्रेडिट नोट काढून कराचाही हिशेब उलटवावा:

```
31-05-2025
आगाऊ मिळालेले उत्पन्न खाते     नावे   27,400
सीजीएसटी देय खाते             नावे    2,466
एसजीएसटी देय खाते             नावे    2,466
   ग्राहकाचे खाते              जमा   32,332
```

उत्पन्न खात्याला येथे हातच लागलेला नाही, हे लक्षात घ्यावे. सगळी रक्कम सुरुवातीलाच विक्रीत टाकली असती तर मागील वर्षीचा नफा खोटा ठरला असता आणि यंदाच्या विक्रीतून मोठी वजावट करावी लागली असती. कर कमी करून घेण्यासाठी अशी क्रेडिट नोट पुरवठ्याच्या आर्थिक वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर तोवर, विवरणपत्रात दाखवावी लागते. आपल्या बाबतीत ती मर्यादा 30 नोव्हेंबर 2025. मुदत उलटली तर पैसे परत देता येतात, पण कर परत मिळत नाही, म्हणून रद्द झालेल्या करारांची कागदपत्रे हंगाम सुरू होईपर्यंत पडू देऊ नयेत.

करारात परतावा नाही असे स्पष्ट कलम असेल आणि ग्राहकाने ते मान्य केले असेल, तर उरलेले 27,400 रुपये करार संपला त्या दिवशी एकदम उत्पन्नात घ्यावेत, कारण त्यानंतर देण्यासारखी सेवाच उरत नाही. परंतु ग्राहक वाद घालत असेल तोवर ती रक्कम देयतेतच राहू द्यावी.

चूक कशी पकडायची

दर महिन्याच्या अखेरीस नोंदवहीतील सर्व करारांची उरलेली रक्कम बेरीज करावी आणि तेरजेतील 'आगाऊ मिळालेले उत्पन्न' खात्याच्या शिल्लकेशी ताडून पाहावी. हा ताळा रुपयापर्यंत जुळला पाहिजे. खातेवहीतील शिल्लक जास्त असेल तर बहुधा एखादे नवीन बीजक नोंदवहीत चढवायचे राहिले आहे. कमी असेल तर कोणीतरी नूतनीकरणाचे बीजक थेट विक्रीत टाकले आहे. फरकाला अठराने नेमका भाग जात असेल तर एखाद्या बीजकाचा कर या खात्यात घुसला आहे का ते आधी तपासावे. हा माझा जुना डाव आहे आणि तो बऱ्याच वेळा लागतो.

त्यानंतर नोंदवहीच्या ओळींवरून नजर फिरवावी. मुदत संपली तरी ज्याच्यापुढे शिल्लक उरली आहे असा करार दिसला तर तारीख चुकली आहे. एकाच ग्राहकाच्या दोन करारांच्या तारखा एकमेकांवर चढल्या असतील तर एकाच दिवसाचे उत्पन्न दोनदा धरले जात आहे. नूतनीकरणाचे बीजक लवकर निघाले आणि कारकुनाने बीजक तारखेलाच सेवेची पहिली तारीख म्हणून लिहिले की असे होते. आणि सेवा न झालेल्या हॉटेलची सर्व्हिसिंग कार्डे कोरी असतील, तरीही उत्पन्न दरमहा जात असेल, तर तो प्रश्न हिशेबाचा नसून सर्व्हिस विभागाच्या माणसाला विचारायचा आहे, कारण करार केवळ सर्व्हिसिंगचा निघाला तर त्या ओळीचे दिवस पुसून टाकून तिथे कामांची मोजणी बसवावी लागेल.